झाड सरकवावं, घराभोवतीची जागा आवळावी: कंटेंट अवेअर मूव्ह आणि स्केलचा योग्य क्रम

प्रश्न: मोकळ्या माळावरच्या एका झाडाचा फोटो आहे, ६००० × ४००० पिक्सेल. झाड अगदी मधोमध आलंय, उजवीकडे लांब एक घर आहे आणि दोघांच्या मध्ये नुसती पोकळी वाटते. डावीकडून एक पायवाट आत येते, ती कापायची नाहीये. ऊन डावीकडून आहे. फोटोशॉपच्या कंटेंट अवेअर मूव्हने झाड डावीकडे नेलं तर जुन्या जागी पानांचे डाग राहतात आणि नव्या जागी झाडाभोवती वेगळ्याच आकाशाची कडा दिसते. कंटेंट अवेअर स्केलने मधली जागा कमी केली तर घराच्या भिंती वाकतात. नेमकं काय चुकतंय?

उत्तर:

साधनांची निवड तुम्ही बरोबर केली आहे. झाडासाठी मूव्ह आणि घरासाठी स्केल, हेच करायचं. गडबड आहे ती क्रमात आणि आधीच्या तयारीत. झाडाच्या बाबतीत तुम्ही एकाच साधनाला दोन कामं एकदम करायला लावलीत, आणि घराच्या बाबतीत त्या साधनाला घर म्हणजे काय हे सांगितलंच नाही.

आधी क्रॉपचा विषय संपवू. झाड मध्यावर असेल तर डावीकडून साधारण १३५० ते १५०० पिक्सेल कापले की ते उरलेल्या रुंदीच्या एक तृतीयांशावर येतं. पायवाट नसती तर मी एवढंच करून थांबायला सांगितलं असतं, कारण कापलेल्या फोटोत खोटं काही नसतं. पण पायवाट तुम्हाला हवी आहे, आणि ते मला पटतं. नजर आत नेणारी रेघ घालवून झाडाची जागा सुधारण्यात फायदा नाही.

तुमचा फोटो माझ्यासमोर नाही, म्हणून काही आकडे धरून चालतो. तुम्ही तुमचे मोजून घ्या. क्षितिज वरून २४०० पिक्सेलवर आहे. झाडाचा बुंधा डावीकडून २९०० वर, जमिनीला टेकतो तो वरून २८०० वर. फांद्यांचा पसारा दोन्ही बाजूंना सातशे-सातशे, म्हणजे २२०० पासून ३६०० पर्यंत. सावली उजवीकडे ३७०० पर्यंत गेलेली. घर ४३०० ते ५००० च्या मध्ये, आणि त्याच्या उजवीकडे हजार पिक्सेल मोकळे.

झाड किती सरकवायचं, हे शेवटच्या रुंदीवरून ठरवा

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. झाड ६००० च्या तिसऱ्या भागावर, म्हणजे २००० वर नेऊन ठेवतात आणि मग स्केलने फोटो अरुंद करतात. अरुंद झालेल्या फोटोत झाड पुन्हा मध्याकडे सरकलेलं असतं. आपण मधल्या पोकळीतून ५०० पिक्सेल काढणार आहोत, म्हणजे शेवटी रुंदी ५५०० राहील आणि तिचा तिसरा भाग १८३३ च्या आसपास येईल. तेव्हा झाड २९०० वरून साधारण १८३० वर न्यायचं, म्हणजे १०७० पिक्सेल डावीकडे.

मग सावलीचं टोक २६३० वर येतं. तिथपासून घरापर्यंत १६७० पिक्सेलची मोकळी जागा उरते आणि स्केलला काम करायला तीच लागणार आहे. म्हणूनच आधी झाड आणि मग स्केल असा क्रम. उलट केलंत तर सावलीपासून घरापर्यंत जेमतेम ६०० पिक्सेल असतात, आणि त्यातून ५०० काढायला गेलात तर घर वाकणारच.

झाड कुठे नेता येतं आणि कुठे नाही

सपाट जमिनीवर एक साधा नियम आहे. एखादी वस्तू जमिनीला जिथे टेकते ती जागा क्षितिजापासून जितकी खाली, तितकी ती वस्तू मोठी दिसते, आणि हे अगदी प्रमाणात असतं. तुमच्या झाडाचा पाया क्षितिजाखाली ४०० पिक्सेलवर आहे. तो सरकवताना चुकून ५०० वर आला, तर झाड आपल्याकडे आल्यासारखं होतं आणि खरं तर ते २५ टक्के मोठं दिसायला हवं. तेवढंच राहिलं तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण झाड खुजं वाटतं. म्हणून रूलरवरून एक आडवी गाइड ओढून बुंध्याच्या पायाला लावा आणि झाड त्याच रेषेवर ठेवा. मुद्दाम पुढे-मागे न्यायचंच असेल, तर पर्यायपट्टीतलं Transform On Drop चालू ठेवा. झाड सोडल्यावर चौकट येते, तिच्यात हाच हिशेब करून आकार बदला.

दुसरी गोष्ट सावलीची. ऊन अगदी बाजूने असल्यामुळे तुमच्या फोटोत सावल्या जवळजवळ आडव्या पडल्या असतील. अशी सावली झाडाबरोबर बाजूला सरकली तरी खरी वाटते. सूर्य कॅमेऱ्याच्या समोर किंवा पाठीमागे असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सावल्या पंख्याच्या काड्यांसारख्या एका बिंदूकडून पसरतात, आणि मध्यावरच्या झाडाची सरळ खाली येणारी सावली तशीच डावीकडे नेली की बाकीच्या सावल्यांशी तिचा कोन जुळत नाही. त्या फोटोत सावली वेगळ्या लेयरवर घेऊन तिरकी करावी लागली असती. तुमचं ते काम वाचलं आहे.

आणि घर? घराला कोपरे असतात. दर्शनी भिंत किती दिसते आणि बाजूची भिंत किती, यावरून आपण कुठे उभे आहोत हे फोटो सांगत असतो. घर फ्रेमच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेलं तर जी बाजू दिसायला हवी ती दिसत नाही आणि जी लपायला हवी ती दिसते. झाडाची दुसरी बाजू कशी आहे हे कोणाला ठाऊक नसतं, म्हणून झाड एवढं सरकवणं खपतं. घराला मी कंटेंट अवेअर मूव्ह सहसा लावत नाही. ते लांब असेल आणि थोडंच हलवायचं असेल, तर त्याच्या बाजूची जमीन आवळून त्याला जवळ आणतो. तुमच्या फोटोत ते ५०० पिक्सेल सरकेल, आणि एवढ्या अंतरावर ते चालून जाईल.

डाग का राहतात

कंटेंट अवेअर मूव्ह फोटोशॉपमध्ये २०१२ च्या सीएस६ पासून आहे. ते एका ओढीत दोन कामं करतं: जुन्या जागेचं भोक भरतं आणि नव्या जागी झाडाच्या कडा मिसळतं. भोक भरताना ते आजूबाजूच्या भागातून तुकडे शोधून आणतं.

आता तुमचे आकडे पाहा. जुना पसारा २२०० ते ३६००. नवा पसारा ११३० ते २५३०. म्हणजे २२०० ते २५३० हा पट्टा दोन्हींत आहे. जुनं भोक आणि नवं झाड एकमेकांना चिकटलेलं आहे. भोकाच्या डाव्या काठाला लागून पानंच आहेत, आणि शेजारी जे आहे तेच साधन भोकात ओढतं. आकाशात उरलेले पानांचे ठिपके तिथून येतात. दुसरं कारण म्हणजे घट्ट सिलेक्शन. फांद्यांची बारीक टोकं सिलेक्शनच्या बाहेर राहिली, तर साधनाला ती आकाशाचाच भाग वाटतात आणि ते त्यांच्या नकला काढत सुटतं.

झाड पसाऱ्याच्या रुंदीपेक्षा जास्त सरकत असेल आणि मागे एकसारखं आकाश असेल, तर कंटेंट अवेअर मूव्ह एकटं पुरतं. तेव्हा मी असं करतो: वर एक रिकामा लेयर, पर्यायपट्टीत Mode: Move आणि Sample All Layers चालू. लॅसोने झाडाभोवती वीस-तीस पिक्सेल मोकळं आकाश सोडून सिलेक्शन. सावली पूर्ण आत, आणि बुंध्यापाशी थोडं गवतही आत, कारण बुंधा गवतातून उगवलेला दिसायला हवा. Structure ४ किंवा ५ पासून सुरुवात. हा आकडा १ ते ७ असतो. तो वाढवला की हलवलेल्या भागाची घडण जास्त कडकपणे राखली जाते, कमी केला की कडा सैल मिसळतात आणि डहाळ्या विरघळू लागतात. Color ० ते १०, त्यात ३ च्या आसपास. सोडल्यानंतर सिलेक्शन काढू नका. ते चालू असेपर्यंत हे दोन्ही आकडे बदलले की निकाल पुन्हा काढला जातो, त्यामुळे पुन्हा पुन्हा ओढण्याची गरज पडत नाही.

तुमच्या फोटोत मात्र जागा एकमेकांवर येतात, म्हणून ही दोन कामं वेगळी करा.

आधी रिकामा माळ तयार करा

लॅसोने झाड आणि सावली सैलसर निवडा आणि Select > Save Selection ने ते सिलेक्शन साठवून ठेवा, पुढे लागेल. मग मूळ लेयरवर Ctrl+J. झाड स्वतःच्या लेयरवर आलं. तो लेयर सध्या लपवा.

आता खालच्या लेयरवरून झाड पुसायचं, पण एका झटक्यात नाही. आकाश वेगळं आणि जमीन वेगळी. साठवलेलं सिलेक्शन लोड करा आणि त्यातून क्षितिजाखालचा भाग वजा करा. मग Edit > Content-Aware Fill उघडा. हिरवा रंग जिथे दिसतो तिथून साधन तुकडे घेणार आहे. ब्रशने जमीन, घर आणि सुट्या राहिलेल्या डहाळ्यांवरचा हिरवा पुसून टाका, फक्त आकाश ठेवा. Output To मध्ये New Layer निवडा. मग हेच जमिनीसाठी, तिथे फक्त गवत हिरवं ठेवून. सावलीतलं गवत नमुन्यात येऊ देऊ नका, नाहीतर झाड गेल्यावरही काळपट पट्टा मागे राहील. भरून झालं की हे लेयर खालच्या लेयरमध्ये मिळवून टाका, म्हणजे रिकामा माळ एकाच लेयरवर येईल.

क्षितिजापाशी दोन भराव जुळतात तिथे थोडी खोट दिसेल. तुमच्या झाडाच्या फांद्या क्षितिजाच्या वर आहेत आणि क्षितिज फक्त बुंधा कापतो, त्यामुळे ही खोट बुंध्याच्या रुंदीएवढीच, शंभर-दीडशे पिक्सेलची असेल. क्लोन स्टॅम्पने क्षितिजाची रेषा शेजारून आणून जोडा. दोन मिनिटांचं काम आहे, ते साधनावर सोपवू नका. तुटलेलं क्षितिज डोळ्याला लगेच टोचतं.

इथे थांबून हा रिकामा माळ नीट बघा. झाड नसलेला फोटो खरा वाटत असेल, तरच पुढे जा. झाड परत ठेवल्यावर काही डाग झाकले जातील म्हणून ते सोडून देणं मला मान्य नाही. झाड थोडं इकडे-तिकडे करावंसं वाटलं की ते उघडे पडतात.

मग झाड ठेवा

झाडाचा लेयर दाखवा आणि १०७० पिक्सेल डावीकडे न्या, पाया गाइडवर. आता ती कडा दिसेल. ऊन डावीकडून असल्यामुळे आकाश डावीकडे जास्त उजळ आहे, आणि झाडाबरोबर आलेलं आकाश मध्यावरचं, जरा गडद. फांद्यांच्या फटींतूनही तेच गडद आकाश दिसतं, आणि नुसती कडा घासून ते जात नाही.

आकाश फिकट किंवा ढगाळ असेल तर एक युक्ती फार कामाची आहे. झाडाच्या लेयरचे दोन भाग करा. क्षितिजाच्या वरच्या फांद्यांचा एक, बुंधा आणि सावलीचा दुसरा. फांद्यांच्या लेयरचा ब्लेंड मोड Darker Color करा. मग त्या लेयरपुरतीच Levels लावा, म्हणजे क्लिप करून, आणि उजवीकडचा पांढरा स्लायडर हळूहळू डावीकडे आणा. झाडाबरोबर आलेलं आकाश मागच्या आकाशापेक्षा किंचित उजळ झालं की ते एकदम नाहीसं होतं, कारण या मोडमध्ये दोघांपैकी गडद रंगच उरतो. फटींतलं आकाशही आपोआप नवं होतं. पानं गडद असल्यामुळे त्यांना विशेष धक्का लागत नाही. साधा Darken मोड इथे घेऊ नका. तो लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही वेगवेगळे तोलतो, त्यामुळे उन्हातल्या पिवळसर पानांचा रंग बिघडतो.

आकाश गर्द निळं असेल आणि पानांवर थेट ऊन असेल, तर ही युक्ती चालत नाही, कारण उन्हातली पानं आकाशापेक्षा उजळ असतात आणि त्यांच्या जागी भोकं पडतात. तेव्हा Select and Mask मध्ये जाऊन कडेवर रिफाइन एज ब्रश फिरवून मास्क काढावा लागतो. वेळ जातो, पण दुसरा चांगला रस्ता मला माहीत नाही.

बुंधा आणि सावलीच्या लेयरला साधा मास्क लावा आणि मऊ ब्रशने कडा गवतात विरघळवा. सावलीच्या लांबच्या टोकाला कडा जास्त मऊ, बुंध्यापाशी जरा कणखर. खऱ्या सावलीतही तसंच असतं: सावली टाकणारी फांदी जमिनीपासून जितकी लांब, तितकी सावलीची कड पसरट. पायवाटेवर एखादी फांदी किंवा सावली येत नाही ना, हेही इथेच पाहून घ्या.

घर का वाकतं

कंटेंट अवेअर स्केलच्या मुळाशी सीम कार्व्हिंग ही पद्धत आहे. शाय अविदान आणि एरियल शमीर यांनी ती २००७ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी ती फोटोशॉप सीएस४ मध्ये आली. कल्पना समजून घेतली की सगळे बिघाड आपोआप समजतात. रुंदी कमी करताना हे साधन वरपासून खालपर्यंत जाणारी, एक पिक्सेल रुंदीची नागमोडी वाट शोधतं आणि ती काढून टाकतं. मग दुसरी, मग तिसरी. तुमच्यासाठी अशा पाचशे वाटा. वाट निवडताना ते बघतं की शेजारच्या पिक्सेलमधला फरक कुठे सर्वात कमी आहे. जिथे फरक कमी, तिथे त्याच्या मते महत्त्वाचं काही नाही.

आता तुमचं घर त्याच्या नजरेने पाहा. सपाट रंगवलेली भिंत, तिच्यात फरक जवळजवळ शून्य. शेजारचं गवत मात्र पात्यापात्याने बदलणारं, फरकांनी भरलेलं. त्याच्या हिशेबात गवत महत्त्वाचं आणि भिंत रिकामी. म्हणून वाटा भिंतीतून जातात, आणि त्या नागमोडी असल्यामुळे खिडकीची चौकट आणि भिंतीची कड वाकडी होते.

उपाय म्हणजे त्याला सांगणं. आधी सगळे लेयर दिसत असताना Ctrl+Alt+Shift+E ने एकत्रित लेयर तयार करा, कारण हे साधन एका साध्या लेयरवरच चालतं. स्मार्ट ऑब्जेक्टवर, लेयरच्या गटावर किंवा ॲडजस्टमेंट लेयरवर नाही. खालचे लेयर लपवा, म्हणजे आकुंचनानंतर उघडी पडणारी पट्टी नीट दिसेल. मग चॅनेल पॅनेलमध्ये नवा अल्फा चॅनेल करा आणि जे राखायचं ते पांढरं रंगवा.

काय राखायचं, याबद्दल मी कंजूषी करत नाही. नुसतं घर पांढरं करून थांबलात तर साधन डावीकडची जमीन, पायवाट आणि झाडामागचं आकाशही चिमटत बसेल. त्याऐवजी २७०० च्या डावीकडचं सगळं पांढरं करा. त्यात पायवाट, झाड आणि सावली आली. ४२०० च्या उजवीकडचंही सगळं पांढरं करा, म्हणजे घर आणि त्यापलीकडची जमीन. काळा उरला तो फक्त मधला १५०० पिक्सेलचा पट्टा. पाचशे वाटा त्यातूनच जातील आणि पट्ट्याचा एक तृतीयांश भाग कमी होईल. गवत आणि साधं आकाश असेल तर एवढं निभतं. पट्ट्याच्या निम्म्यापर्यंत गेलात तर गवताची पाती तुटल्यासारखी, दाटीवाटीने चिकटलेली दिसू लागतात.

आता Edit > Content-Aware Scale. पर्यायपट्टीत Protect मध्ये तुमचा चॅनेल निवडा. Amount १०० टक्केच ठेवा. तो कमी केला की साधं स्केलिंग मिसळतं, आणि आपल्याला इथे ते नको आहे. संदर्भबिंदू डाव्या कडेवर ठेवा, रुंदी-उंचीमधली साखळी बंद करा आणि रुंदीच्या खान्यात आकडा टाइप करा:

```
W: 91.67%   H: 100%
```

६००० चे ५५०० होतात. हँडल हाताने ओढू नका, नेमका आकडा मिळत नाही आणि उंची बदलण्याचा धोका राहतो. एंटर दाबून उजवीकडची रिकामी पट्टी क्रॉप केलीत की घर ३८०० ते ४५०० च्या मध्ये आलेलं असेल आणि झाड तिसऱ्या भागाच्या जवळ. फोटोचं ३:२ प्रमाण परत हवं असेल तर उंचीतून ३३३ पिक्सेल क्रॉप करा. मी बहुधा ते आकाशातून घेतो, पण तुमच्या आकाशात काही असेल तर खालच्या गवतातून घ्या.

एकच गोष्ट तपासा: मधल्या पट्ट्यातून एखादी तिरकी रेषा जाते का? कुंपणाची तार, विजेची तार, चढता रस्ता, उतरता डोंगर. आडवं क्षितिज असेल तर वाटा काढल्यावरही ते आडवंच राहतं. तिरक्या रेषेतून मात्र प्रत्येक वाट थोडा तुकडा काढते, आणि वाटा सगळीकडे सारख्या नसतात, म्हणून रेषेला पायऱ्या पडतात. तार असेल तर आधी पुसा, स्केल करा, आणि मग हवी असल्यास नवी ओढा. डोंगराची कड असेल तर हे साधन सोडून द्या. तिथे पोकळी राहू देणं बरं.

खोट कशी ओळखायची

शंभर टक्क्यांवर तासभर बघून डोळा सवयीचा होतो, त्याला काही दिसेनासं होतं. मी तीन गोष्टी करतो. एक, फोटो आडवा उलटा करतो. अनोळखी झाल्यावर सांधे लगेच दिसतात. दोन, सगळ्यात वर तात्पुरती Curves लावून तिची रेषा दोन-तीनदा वर-खाली अशी नागमोडी करतो. आकाशातला अगदी हलका फरकही मग रंगीत पट्ट्यांसारखा उसळून येतो, आणि झाडाची जुनी जागा एखाद्या सावटासारखी दिसली तर समजायचं की भराव अजून कच्चा आहे. तीन, दोनशे टक्क्यांवर आकाशातला दाणा पाहतो. मिसळलेल्या भागात तो गुळगुळीत होतो. तिथे थोडा एकरंगी नॉइज घातला की बाकीच्या आकाशाशी मिळतं. आणि ढग असतील तर एकच ढग दोनदा आलाय का, तेही पाहा. भराव घालणाऱ्या साधनांची ती जुनी खोड आहे.

हा फोटो कुठे जाणार आहे?

घरी भिंतीवर लावायला किंवा चित्र म्हणून मांडायला काही हरकत नाही. बातमीसाठी किंवा दस्तऐवज म्हणून द्यायचा असेल तर मात्र झाड जागचं हलवू नका. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धांच्या नियमांत असा फेरफार बसत नाही. हा वाद या साधनांपेक्षा जुना आहे. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसवण्यासाठी संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. तुम्ही आज घर झाडाजवळ आणताय, अगदी तेच. त्यावरची टीका अजून फोटो-पत्रकारितेच्या चर्चांत निघते. स्पर्धेला पाठवणार असाल तर तिचे नियम आधी वाचा आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा, कारण ती मागितली जाऊ शकते.

तुमच्या आत्ताच्या फाइलवर पुढे काम करू नका. तिच्यात मूव्हने सोडलेले पानांचे ठिपके आहेत, आणि नवा भराव तेच ठिपके नमुना म्हणून उचलेल. मूळ फाइल उघडा, आधी रिकामा माळ तयार करा, आणि तो झाडाशिवाय खरा वाटतो का, ते पाहा.